गुणांची बेरीज करण्याआधी

हॅकेथॉनच्या निकालाची शीट समोर आली की माझी नजर आधी 'एकूण' या रकान्यावर जात नाही. मी एकेका परीक्षकाचा रकाना वरून खाली वाचते. या माणसाने सगळ्यात कमी गुण किती दिले, सगळ्यात जास्त किती दिले आणि दोन्हींत अंतर किती? एवढं पाहिलं की निकाल कोणी लावलाय ते बरेचदा कळून येतं. पॅनेलवर तीन जण बसलेले असतात, कागदावर तिघांच्या सह्या असतात, आणि तरी निकाल एकट्याचाच निघू शकतो. त्यात कोणाची लबाडी नसते. साध्या बेरजेतून हे घडतं, म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही. छत्तीस तास जागलेल्या पोरांच्या कामाचा फैसला त्या बेरजेवर होतो, त्यामुळे मला हा विषय लहान वाटत नाही.

मी मिहानमधल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करते आणि नागपुरातली कॉलेजं अधूनमधून परीक्षक म्हणून बोलावतात. २०१७ साली स्मार्ट इंडिया हॅकेथॉन सुरू झाली. तिथे टीम पाठवायच्या तर कॉलेजांना आधी आपल्याकडे अंतर्गत फेरी घ्यावी लागते, त्यामुळे परीक्षकांची गरज आता दर वर्षी पडते. गुणपत्रक जवळपास सगळीकडे एकाच साच्याचं असतं. नावीन्याला ३०, चालत्या प्रोटोटाइपला ३०, तांत्रिक खोलीला २०, सादरीकरणाला २०. आकडे थोडे इकडेतिकडे होतात, पण रकाने हेच चार.

एका फेरीबद्दल सांगते. कॉलेजचं नाव देत नाही. शेवटच्या टप्प्यात पाच टीम उरल्या होत्या आणि आम्ही तिघं परीक्षक होतो. एक कॉलेजबाहेरच्या प्राध्यापक मॅडम, एक मी, आणि तिसरे स्वतःची छोटी कंपनी चालवणारे सर. सरांचं घर काटोलकडचं, संत्र्याच्या बागायतदारांचं. तिघांनीही पाचही टीम पाहिल्या. गुण मोजण्याच्या दृष्टीने ही सगळ्यात सोपी स्थिती, कारण प्रत्येकासमोर तीच पाच कामं होती.

पाचांपैकी दोन कामांवर पुढे सगळी चर्चा फिरली.

पहिलं संत्र्याच्या पानाचं ॲप. पानाचा फोटो काढायचा, ॲप सांगणार की खैऱ्या आहे, ग्रीनिंग आहे, जस्ताची कमतरता आहे की पान निरोगी आहे. पोरांचं सादरीकरण फार सुंदर होतं. आंबिया बहारात फळगळ झाली की शेतकऱ्याच्या हातात काय उरतं इथून त्यांनी सुरुवात केली आणि सगळा हॉल ऐकत राहिला. सरांनी पहिलाच प्रश्न नेमका विचारला, "बांधावर रेंज नसते. मग काय करता?" पोरीने फोन एअरप्लेन मोडवर टाकला आणि काटोलहून आणलेल्या पानाचा फोटो काढला. उत्तर आलं. मॉडेल फोनमध्येच बसवलेलं होतं. इतक्या वेळात एवढं करणं खरंच सोपं नाही.

मग मॅडम उठल्या. कॅन्टीनमधून आलेल्या तर्री पोह्यांची प्लेट बाजूला पडली होती. त्यातलं गोडलिंबाचं पान उचलून त्यांनी पुसलं आणि कॅमेऱ्यापुढे धरलं. ॲप म्हणालं, ग्रीनिंग, ९४ टक्के.

"मॅडम, ते गोडलिंब आहे ना, आमच्या डेटात नाही ते," मुलगा म्हणाला.

"मग त्याने 'मला माहीत नाही' म्हणायला पाहिजे होतं. ते म्हणायची सोय कुठे आहे?"

सोय नव्हती. मॉडेलला चारच उत्तरं शिकवलेली होती. चार उत्तरांची टक्केवारी मिळून शंभर भरलीच पाहिजे अशी त्या शेवटच्या पायरीची रचना असते, त्यामुळे पान कशाचंही दाखवा, शंभर टक्के त्या चारांतच वाटले जाणार. ९४ हा आकडा खात्रीचा नाही, वाटणीचा आहे. मॅडमनी पुढचा प्रश्न विचारला, ग्रीनिंग आणि जस्ताची कमतरता वेगळी कशी ओळखता? दोन्हींत पान पिवळट पडतं. कमतरतेत पिवळेपणा मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना सारखा असतो, ग्रीनिंगमध्ये तो अर्धवट, दोन बाजूंना वेगवेगळा, डागाडागांचा दिसतो. आणि पक्कं निदान करायचं तर प्रयोगशाळेत पीसीआर लागतं. पोरांनी या दोघांतला गोंधळ मोजलेला नव्हता. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे, कारण एकात जस्ताची फवारणी करून भागतं, दुसऱ्यात झाड काढावं लागू शकतं.

दुसरं काम गुलाबी बोंडअळीचं. कपाशीत कामगंध सापळे लावतात, त्यात नर पतंग येतात. सलग तीन रात्री एका सापळ्यात रोज आठ पतंग सापडले की अळी नुकसानीच्या पातळीवर पोचली असं धरतात. अडचण अशी की रोज सकाळी सापळे उघडून मोजायला कोणी जात नाही. या टीमने सापळ्याच्या तळाशी चिकट कार्ड लावलं, वर ईएसपी३२-कॅम हा कॅमेरा असलेला छोटा बोर्ड बसवला. तो रात्री दोन फोटो काढतो, पतंग मोजतो आणि तीन रात्रींचा आकडा ओलांडला की संदेश पाठवतो. स्लाइड्स साध्या होत्या. बोलणारा मुलगा घाबरलेला होता, दोनदा अडखळला. मी कार्डावरचे दोन पतंग सरकवून एकमेकांवर ठेवले. मोजणी एकाने घटली. तो लगेच म्हणाला, "हो मॅडम, एकावर एक आले की कमी मोजते," आणि वही उघडली. हाताने मोजलेले आकडे एका बाजूला, यंत्राचे दुसऱ्या बाजूला, आणि पतंग वाढत गेले की चूक कशी वाढत जाते ते खाली लिहिलेलं. आठच्या आसपास ती चूक किती, एवढाच प्रश्न कामाचा होता आणि त्याचं उत्तर त्यांच्याकडे होतं.

तांत्रिक खोली कशी मोजायची असं मला विचारतात, तेव्हा मी त्या वहीबद्दल सांगते. कोणती लायब्ररी वापरली, किती थरांचं मॉडेल लावलं, यावरून फार काही कळत नाही. आपलं काम नेमकं कुठे मोडतं हे टीमला माहीत आहे का, आणि ते त्यांनी मोजलं आहे का, हे पाहिलं की खोली दिसते.

बाकीच्या तीन टीमबद्दल थोडक्यात. एकीने रक्तपेढ्यांचा साठा एका जागी दाखवला होता, एकीने सिटीबस कुठवर आली ते, एकीने उन्हाळ्यात कूलरच्या टाकीत पाणी संपत आलं की फोनवर कळवायची सोय केली होती. तिन्ही कामं नीट होती, पण चर्चा त्यांच्यावर आली नाही.

आता गुण. खरे आकडे जरा वाकडेतिकडे होते. इथे मी ते गोल करून देते, म्हणजे हिशेब तोंडी करता येईल. घाट तोच ठेवला आहे.

| टीम | मॅडम | मी | सर | बेरीज |
|---|---|---|---|---|
| बोंडअळी | ७८ | ८३ | ७० | २३१ |
| संत्रा | ७५ | ८१ | ९० | २४६ |
| रक्तपेढी | ७६ | ७९ | ६० | २१५ |
| सिटीबस | ७२ | ८० | ५० | २०२ |
| कूलर | ७४ | ७७ | ३० | १८१ |

बेरजेत संत्रा पहिला, बोंडअळी दुसरी, मधलं अंतर पंधरा गुणांचं. पंधरा म्हटलं की निकाल अगदी स्पष्ट वाटतो. पण बेरजेचा क्रम आणि सरांचा क्रम शेजारी ठेवून पाहा. संत्रा, बोंडअळी, रक्तपेढी, सिटीबस, कूलर. पाचही जागा तंतोतंत जुळतात. मॅडमनी आणि मी काहीही दिलं नसतं तरी यादी हीच लागली असती. आम्ही दोघींनी बोंडअळीला पहिलं ठेवलं होतं आणि त्याचा निकालावर काडीचाही परिणाम झाला नाही.

कारण मॅडमचे सगळे गुण ७२ ते ७८ मध्ये आहेत, माझे ७७ ते ८३ मध्ये. आम्हा दोघींच्या पहिल्या आणि शेवटच्या टीममध्ये सहाच गुणांचं अंतर. सरांचं अंतर साठ. बेरीज केली की ज्याचे गुण लांबरुंद पसरलेले असतात त्याचं मत जड होतं. किती जड, तर इथे आमच्या दहापट. परीक्षक कडक आहे की सढळ, याची सगळ्यांना काळजी असते, पण तिन्ही परीक्षकांनी पाचही टीम पाहिल्या असतील तर कडकपणाने क्रम बदलतच नाही. सरांनी सगळ्यांना वीस-वीस गुण वाढवून दिले असते तरी बेरजेचा क्रम हाच राहिला असता. फरक पडतो तो पसाऱ्याने.

अशा वेळी कोणीतरी हमखास सुचवतं की सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी गुण काढून टाका, पाण्यात सूर मारण्याच्या स्पर्धांमध्ये करतात तसं. तीनच परीक्षक असले तर तसं केल्यावर मधला आकडा उरतो. करून पाहू. बोंडअळीचे ७०, ७८, ८३, मधला ७८. संत्र्याचे ७५, ८१, ९०, मधला ८१. संत्राच पुढे! सरांचा ९० आणि ७० दोन्ही बाहेर काढले तरी. असं का झालं ते बघितलं की गंमत कळते. बोंडअळीसाठी जो ७८ उरला तो मॅडमचा आहे आणि संत्र्यासाठी जो ८१ उरला तो माझा. म्हणजे दोन टीमची तुलना दोन वेगवेगळ्या माणसांच्या गुणांनी झाली, आणि मी मॅडमपेक्षा सढळ आहे एवढ्यावर निकाल लागला. डायव्हिंगमध्ये परीक्षक जास्त असतात आणि एकाच प्रकारे प्रशिक्षित असतात, तिथे ही युक्ती चालते. आपल्याकडे प्राध्यापक, नोकरदार आणि उद्योजक एका टेबलाशी बसवलेले असतात.

खरा उपाय बेरजेच्या आधी करावा लागतो. प्रत्येक परीक्षकाचे गुण त्याच्याच मापाने मोजायचे. त्याची सरासरी काढायची, त्याचे गुण सरासरीपासून साधारण किती लांब जातात ते, म्हणजे प्रमाण विचलन, काढायचं, आणि प्रत्येक टीम त्याच्या सरासरीपासून किती विचलनं वर किंवा खाली आहे तेवढंच पुढे न्यायचं. याला झेड-स्कोअर म्हणतात. शीटमध्ये एका परीक्षकाचे गुण C2 ते C6 मध्ये असतील तर एवढंच:

```
=(C2-AVERAGE(C$2:C$6))/STDEV.P(C$2:C$6)
```

आमच्या पाच ओळींत मॅडमची सरासरी ७५ आणि विचलन २. माझी सरासरी ८०, विचलन २. सरांची सरासरी ६०, विचलन २०. आता बोंडअळी मॅडमकडे ३ गुण वर, म्हणजे दीड विचलन. माझ्याकडेही ३ गुण वर, दीड. सरांकडे १० गुण वर, म्हणजे अर्धं. बेरीज साडेतीन. संत्रा मॅडमकडे बरोबर सरासरीवर, म्हणजे शून्य. माझ्याकडे अर्धं, सरांकडे ३० गुण वर, दीड. बेरीज दोन. रक्तपेढी शून्यावर, सिटीबस उणे दोनवर, कूलर उणे साडेतीनवर. खालच्या तीन जागा जशाच्या तशा राहिल्या, वरच्या दोन उलटल्या.

हे शीटशिवाय, नुसत्या कागदावरही करता येतं. प्रत्येकाने गुणांऐवजी क्रमांक द्यायचे आणि क्रमांकांची बेरीज करायची. बोंडअळीचे १, १, २ मिळून चार. संत्र्याचे ३, २, १ मिळून सहा. इथेही बोंडअळी पुढे. फ्रान्समध्ये बोर्दा नावाच्या गणितज्ञाने १७७० साली मतमोजणीसाठी जी पद्धत मांडली तिच्याच घरातली ही. तिची उणीव अशी की पहिला आणि दुसरा यांच्यात केसाचं अंतर असो की डोंगराचं, क्रमांकात दोन्ही सारखेच दिसतात.

इथवर वाचून झेड-स्कोअर हा सुटसुटीत न्याय वाटेल, म्हणून त्याची दुसरी बाजूही मांडते. ती सरांनीच मांडली, आणि त्यांचं म्हणणं मला आजही वजनदार वाटतं. "गुणपत्रकावर शून्य ते शंभर लिहिलंय," ते म्हणाले. "मी तेवढं वापरलं. तुम्ही दोघींनी सहा गुणांत पाच टीम बसवल्या. कूलरवाल्यांना खरंच ७४ मिळायला पाहिजे होते का? आणि आता तुमचे ते दोन गुण फुगवून माझ्या वीसाएवढे करता?"

हे खरं आहे. झेड-स्कोअर एक गोष्ट गृहीत धरतो, की प्रत्येक परीक्षकाला टीममध्ये सारखाच फरक दिसला आणि फक्त तो आकड्यांत उतरवायची सवय वेगळी होती. ज्याला खरोखर फरक दिसला नाही, किंवा ज्याने कंटाळून सगळ्यांना साधारण तेच गुण दिले, त्याचा एका गुणाचा फरकही हे गणित ताणून मोठा करतं. त्याच्या मनात जो निव्वळ योगायोग होता तो निर्णय होऊन बसतो. ओळखायची खूण सोपी आहे. त्या परीक्षकाला विचारा की पहिली आणि दुसरी टीम वेगळी कशामुळे. मॅडमकडे उत्तर होतं, गोडलिंबाचं पान आणि ग्रीनिंगचा गोंधळ. तीन गुणांमागे ठोस कारण होतं, फक्त त्या गुण चिमटीने देतात. कारण सांगता येत नसेल तर त्या परीक्षकाचे गुण ताणू नयेत. सगळ्यांना एकच आकडा दिला असेल तर विचलन शून्य येतं आणि सूत्र शून्याने भागल्याची चूक दाखवतं. तेव्हा तरी थांबून बघावं लागतंच.

यापेक्षा आधीच्या टप्प्यावर केलेला उपाय जास्त टिकाऊ आहे. आकड्यांचा अर्थ परीक्षकांनी फेरीपूर्वी एकत्र बसून ठरवायचा. उदाहरणार्थ प्रोटोटाइपचे ३० गुण घ्या. नुसत्या स्लाइड्स असतील तर आठच्या आत. टीमने स्वतः निवडलेल्या उदाहरणावर चालतं, तर पंधराच्या आसपास. परीक्षकाने दिलेल्या नव्या उदाहरणावर चालतं, तर बावीसच्या पुढे. चुकीचं काही दिल्यावरही नीट वागतं, तर सत्तावीसच्या वर. हे छापून हातात दिलं की चिमटीने देणारे आणि सढळ हाताने देणारे पुष्कळ जवळ येतात, आणि ताणाताणीचं गणित कमी करावं लागतं. नागपुरात मी जिथे जाते तिथे आता हा अर्धा तास आधी मागून घेते.

पसाऱ्याचा हाच खेळ चार रकान्यांतही चालतो, आणि तो आणखी कमी दिसतो. सादरीकरण आणि तांत्रिक खोली, दोन्हींना कागदावर वीस-वीस. पण सादरीकरण कोणालाही लगेच कळतं, त्यामुळे तिथे गुण आठपासून एकोणीसपर्यंत जातात. पाच मिनिटांत खोली कळत नाही, मग सगळ्यांना तेरा-चौदा देऊन परीक्षक मोकळे होतात. कागदावर सारखं असलेलं वजन प्रत्यक्षात सगळं सादरीकरणाकडे जातं. त्यात भर म्हणजे चांगलं बोलणाऱ्या टीमला बाकीच्या रकान्यांतही नकळत जास्त मिळतं. एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने १९२० सालीच हे दाखवलं होतं. लष्करी अधिकाऱ्यांनी हाताखालच्या माणसांना वेगवेगळ्या गुणांसाठी दिलेले आकडे एकमेकांशी नको इतके जुळत होते. एका गुणाचा झोत बाकी सगळ्यांवर पडतो, म्हणून त्याला हेलो इफेक्ट म्हणतात.

यावर मी एकच गोष्ट करते आणि ती लागू पडते. प्रोटोटाइप आधी बघते, स्लाइड्स नंतर. टेबलाशी जायचं, यंत्र किंवा ॲप हातात घ्यायचं, आपल्या मनाचं काहीतरी त्याला द्यायचं आणि प्रोटोटाइपचे व खोलीचे गुण तिथेच, उभ्या उभ्या लिहून टाकायचे. सादरीकरण त्यानंतर. बोंडअळीचा तो अडखळणारा मुलगा अशा क्रमाने कधी मार खात नाही. त्याचे सादरीकरणाचे गुण कमी होतात, व्हायलाच पाहिजेत, पण तेवढेच.

मोठ्या हॅकेथॉनमध्ये प्रश्न वेगळाच होऊन बसतो. साठ टीम असल्या तर कोणताही परीक्षक सगळ्या पाहू शकत नाही. मग आयोजक खोल्या पाडतात, शेतीची एक खोली, आरोग्याची एक, शहराची एक, आणि प्रत्येक खोलीला स्वतःचं पॅनेल देतात. इथे कडक-सढळचा फरक थेट क्रमात उतरतो, कारण सढळ पॅनेलची सगळी खोली वर जाते. झेड-स्कोअर लावला तर दुसरं संकट. तो प्रत्येक खोलीची सरासरी सारखी धरतो. शेतीच्या खोलीत चार जबरदस्त कामं असतील आणि शहराच्या खोलीत एकच बरं असेल, तरी दोन्ही खोल्यांतले पहिले सारखेच दिसणार आणि शेतीतला चौथा विनाकारण बुडणार. आकड्यांकडे नुसतं बघून हे सांगता येत नाही, की परीक्षक कडक होता की त्याच्या वाट्याला आलेली कामंच कच्ची होती.

ते सांगता यायचं असेल तर परीक्षकांचे वाटे एकमेकांत गुंतलेले पाहिजेत. विषयवार खोल्या न करता टीम चिठ्ठ्या टाकून वाटायच्या, प्रत्येक टीमकडे तीन वेगवेगळे परीक्षक जातील असं बघायचं, आणि तेच तिघं नेहमी एकत्र फिरणार नाहीत याची काळजी घ्यायची. साठ टीमना तीन-तीन भेटी म्हणजे एकशे ऐंशी भेटी. बारा परीक्षक असतील तर प्रत्येकाला पंधरा. सात मिनिटांची एक भेट धरली तर पावणेदोन तास. हे अगदी जमण्यासारखं आहे. असं गुंतवलं की ज्या टीम दोघांनीही पाहिल्या त्यांच्यावरून कोण किती कडक ते काढता येतं आणि तेवढं वजा करता येतं. अमेरिकेत हॅकएमआयटी या हॅकेथॉनच्या मंडळींनी गुणच सोडून दिले. अनिश आठल्ये याने लिहिलेल्या गॅव्हल या प्रणालीत परीक्षकाला एवढंच विचारतात, की आत्ता पाहिलेलं काम आधीच्यापेक्षा चांगलं की नाही. अशा अनेक जोड्यांतून क्रम तयार होतो, आणि आकडा द्यायचाच नसल्याने कडक-सढळचा प्रश्नही उरत नाही. त्याला परीक्षक आणि फेऱ्या मात्र भरपूर लागतात. पाच टीम आणि तीन परीक्षक असताना त्याचा उपयोग नाही.

एक छोटी गोष्ट राहून जायला नको, कारण तिच्यामुळे झालेली गडबड मी प्रत्यक्ष पाहिली आहे. एखादा परीक्षक फोन आल्यामुळे एक टीम चुकवतो आणि त्याचा रकाना रिकामा राहतो. बेरीज करणारं सूत्र रिकाम्या जागेला काहीच मोजत नाही, म्हणजे त्या टीमला त्याचे शून्य गुण मिळतात. सरासरीचं सूत्र ती जागा सोडून देतं. कोणतं सूत्र लावलंय ते टीमला कधीच कळत नाही. शीट बंद करण्याआधी रिकामी घरं मोजायलाच हवीत. तसंच ज्या टीमला आपण मार्गदर्शन केलंय तिला गुण देऊ नयेत. तिथे घर रिकामं ठेवावं आणि सरासरीच घ्यावी.

आता त्या पाच टीमकडे. आमच्यापुढे पेच होता. नियमपत्रकात 'एकूण गुणांनुसार' असं छापलेलं होतं, आणि निकाल दिसल्यावर पद्धत बदलणं मला मान्य नव्हतं. नावं दिसल्यावर निवडलेली पद्धत कितीही शास्त्रशुद्ध असली तरी ती कोणाच्या तरी बाजूची असते. पण त्याच पत्रकात शेवटी एक ओळ होती, परीक्षकांना गरज वाटल्यास पहिल्या दोन टीमना पुन्हा बोलावता येईल. मग प्रश्न एवढाच राहिला, गरज आहे का?

ते तपासायची एक साधी रीत आहे. एकेका परीक्षकाला बाजूला ठेवून हिशेब पुन्हा करायचा. साध्या बेरजेत सरांना बाजूला ठेवलं की बोंडअळी १६१ आणि संत्रा १५६, निकाल उलटतो. मॅडमना किंवा मला बाजूला ठेवलं तर उलटत नाही. म्हणजे बेरजेचा निकाल एकाच माणसावर उभा होता. झेड-स्कोअरमध्येही सगळं पक्कं नव्हतं. सरांना काढलं तर बोंडअळी तीन, संत्रा अर्धा. मला काढलं तर दोन विरुद्ध दीड. पण मॅडमना काढलं की दोन आणि दोन, बरोबरी. एक माणूस उठून गेल्यावर जो निकाल उलटतो किंवा बरोबरीत सुटतो, तो निकाल अजून लागलेला नाही असं मी समजते. सरांनी हे आकडे स्वतः फोनवर करून पाहिले आणि म्हणाले, "बोलवा दोघांनाही."

दोन्ही टीमना दहा-दहा मिनिटं दिली. स्लाइड नाहीत, फक्त टेबल. बोंडअळीवाल्यांना सरांनी विचारलं की सापळ्याच्या तळाशी ओल धरली आणि काच धुरकटली तर मोजणीचं काय, आणि बोर्डावर तोंडाची वाफ सोडून स्वतःच पाहिलं. संत्रावाल्यांना आम्ही तिघांनी मिळून एक काम दिलं. उत्तराच्या टक्केवारीला खालची मर्यादा घाला, तिच्या खाली गेलं तर 'सांगता येत नाही' दाखवा, आणि मग तेच गोडलिंबाचं पान परत धरा. पोरीने कोडमध्ये दोन ओळी घातल्या, ॲप पुन्हा चढवलं आणि पान धरलं. ९४ टक्केच आले, कारण मॉडेलची खात्रीच खोटी होती आणि मर्यादा लावून ती खरी होत नाही. तिने ते पाहिलं आणि आम्ही काही म्हणायच्या आत म्हणाली, "म्हणजे सर, डेटातच 'संत्र्याचं नसलेलं पान' असा पाचवा प्रकार टाकावा लागेल."

तांत्रिक खोलीच्या रकान्यात मी तिच्या टीमचे गुण तिथेच वाढवले. सरांनी बोंडअळीचे वाढवले. मग तिघांनी नव्याने, छापलेल्या नियमाप्रमाणे, दोनच टीमची बेरीज केली.